नमुना उत्तरातील चूक

निवृत्तीनंतर मी हिंजवडीतल्या एका कंपनीत नवशिक्यांचे इंग्रजी तपासत असे. परीक्षेत ग्राहकाला दोन ओळींचा संदेश लिहायचा होता. अमरावतीहून आलेल्या एका मुलीने 'डिस्कस द डिले' असे लिहिले. कंपनीच्या नमुना उत्तरात 'डिस्कस अबाउट द डिले' होते. त्याप्रमाणे तिचा एक गुण जात होता आणि त्या गुणाबरोबर नोकरीही. मी गुण दिला.

व्यवस्थापकांनी मला बोलावले. "सर, सगळे 'अबाउट' लावतात. ग्राहकाला कळतं ना?"

"कळतं. मग हिचं कळलं नसतं का?"

"अहो, नमुना वरून आलाय."

"म्हणजे चूकही वरूनच आली. 'विषयी चर्चा' हे आपलं मराठी. 'डिस्कस'च्या पोटात ते 'विषयी' आधीच असतं. 'एम्फसाइझ ऑन'चंही तेच. 'वर भर' आपला, इंग्रजीचा नव्हे."

"आपण नमुन्याप्रमाणे सही करा. वाद कशाला?"

मी उत्तरपत्रिकेवर 'नमुना चूक, उत्तर बरोबर' असे लिहिले आणि त्याखाली सही केली.

मुलगी नोकरीवर रुजू झाली. पुढच्या परीक्षेला मला बोलावले नाही. बोलावले असते, तर पुन्हा हेच लिहिले असते.