लक्ष्मीच्या अर्जाचं सोप्पं मराठी

आमच्याकडे घरात मराठी आणि शाळेत कन्नड. आळंद तालुक्यातल्या आमच्या गावात हे कुणालाच नवल वाटत नाही. पण बाईच्या खात्यावर दरमहा पैसे जमा करणारी सरकारी योजना आली, तिचा अर्ज आणि सूचना कन्नडमध्ये, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका पंचायतीच्या सेवाकेंद्रात येऊन उभ्या राहिल्या. संगणकावर बसणारे अण्णा एकच गोष्ट सांगून सांगून घायकुतीला आले. शेवटी त्यांनी मला सूचनांचा कागद दिला आणि हे बायकांना कळेल असं मराठीत करून द्या म्हणाले.

मी ऐटीत बसले. ‘अर्जदार महिला ही शिधापत्रिकेतील कुटुंबप्रमुख असावी’ असं झोकात लिहिलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेंगा फोडता फोडता विचारलं, "ही कोण बाई म्हणायलीस?" माझी ऐट तिथंच उतरली. मग मी लिहिलं, ‘रेशनकार्डात घरची मुख्य म्हणून जिचं नाव आहे, तिनंच अर्ज करायचा. सासू मुख्य असेल तर सुनेनं करायचा नाही.’ हे मात्र त्यांना पहिल्या फटक्यात कळलं. वर हे वाक्य मोठ्या अक्षरात काढ म्हणाल्या.

पुढं आम्हाला त्याची चटकच लागली. मी वाक्य वाचायची, त्या मोडायच्या. ‘आधारशी संलग्न भ्रमणध्वनी’चं आम्ही ‘आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, त्यावर आकडे येतील, ते केंद्रातल्या अण्णांशिवाय कुणाला सांगू नका’ असं केलं. एकीनं हे ऐकून नवऱ्यालाच ओढत आणलं, कारण मोबाइल त्याच्या खिशात होता आणि तो काढून देईना. मला इतकं हसू आलं की पोट धरून ओट्यावर बसावं लागलं.

कागद दारोदार फिरला, कुणी ना कुणी तो वाचून दाखवला आणि केंद्रापुढं गर्दी झाली. शेजारच्या अक्का तेवढ्या दिसेनात. धनगराच्या घरातल्या, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या. त्यांच्या कार्डात नाव त्यांचं एकटीचं. या पैशाची गरज गावात सगळ्यात जास्त त्यांना होती. मी जाऊन विचारलं, "अक्का, तुम्ही कामून आला न्हाईत?"

"योजनेच्या नावातच लक्ष्मी हाय की," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी म्हंजी सवाष्ण. हळदीकुंकवाला कुणी बोलवत न्हाई मला, तिथं कशाला जाऊ? आन् कागदात नवऱ्याचं आधार आणा म्हणलंय."

मला रडूही आलं आणि रागही आला. कन्नड कागदात ‘लागू असल्यास’ होतं आणि मी तेच जड शब्द उचलून ठेवले होते. घरी आले आणि लिहिलं, ‘नवरा वारला असेल तर त्याचं आधार लागत नाही. ही सवाष्णीची योजना नाही. घर चालवणाऱ्या बाईची आहे.’ सासूबाईंनी ऐकलं, काही मोडलं नाही. नवा कागद घेऊन त्या स्वतः अक्कांकडे गेल्या आणि त्यांना हाताला धरून केंद्रात घेऊन आल्या.

केंद्रात त्या दिवशी वेगळाच तमाशा चालू होता. अण्णा नवऱ्याचं नाव विचारायचे आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. आधारकार्ड समोर असलं तरी अण्णा एकदा तोंडी विचारून खात्री करून घेत. एका म्हातारीनं उखाण्यात घालून नाव सांगितलं, आणि मग उखाण्याशिवाय रांग कुणाला पुढं सोडेना. कन्नड बोलणारे अण्णा कपाळाला हात लावून हसत होते. जत्रेत आल्यासारखं वाटत होतं मला.

अक्कांची पाळी आली तशी रांग गप्प झाली. विधवेनं उखाणा घ्यायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक. अण्णांनी ‘विधवा’ हा पर्याय निवडला, नवऱ्याचं काही विचारलं नाही, मोबाइलवर आलेले आकडे विचारून संगणकात भरले, पोचपावती छापून हातात दिली. काम झालं होतं. अक्का मात्र तिथून हलल्या नाहीत. पावतीकडे बघत त्यांनी हळूच म्हटलं,

"खांद्यावर घोंगडी, हातात काठी,
…चं नाव घेते सरकारी कागदासाठी."

मधलं नाव मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मला भीती वाटली की आता कुणीतरी नाक मुरडणार.

आमच्या सासूबाईंचे कान अजून चांगले तिखट आहेत. त्या रांगेतून पुढं आल्या आणि म्हणाल्या, "मला नीट ऐकू आलं न्हाई. अजून एकदा घे की."

अक्कांनी पदर सारखा केला आणि मोठ्यानं घेतलं.