बावटा आधी, नाव मागून

वर्षाराणी सातपाटीच्या कोळीवाड्यातून रोज बोईसरला येते. स्टेशनजवळ एका मेडिकलच्या वर मोबाइल गेम बनवणारी छोटी कंपनी आहे. तिथे ती दोन वर्षं गेम खेळून त्यातल्या चुका शोधत होती. ट्रेलर लिहायची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि तो ट्रेलर परत आला होता.

गेमचं नाव ‘बंदर गाठ’. वादळात सापडलेली बोट खडक चुकवत किनाऱ्याला लावायची. गेम बाजारात आणणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीने कळवलं होतं, "सगळं छान आहे, पण उत्सुकता वाटत नाही. एकदा सुधारून पाठवा. नाही जमलं तर आमची माणसं करतील."

"म्हणजे तू परत चुका शोधायला," एडिटिंग करणारा मेहुल म्हणाला. "म्हणजे माझ्या गेमपॅडला परत सुक्या बोंबलाचा वास."

"तो तर आत्ताही येतोय. मग तो तुझाच," ती म्हणाली. पण हसली नाही.

तिने स्क्रिप्ट पुन्हा उघडलं. तीन रकाने: चित्र, आवाज, अक्षरं. पहिल्याच ओळीत बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेतून वर येत होती आणि तिच्यावर गेमचं नाव होतं. तिच्या गावात प्रत्येक बोटीच्या नाळेवर नाव रंगवलेलं असतं. ट्रेलरची सुरुवात दुसऱ्या कशाने होणार, असं तिला वाटलंच नव्हतं. पुढे ढोलाच्या प्रत्येक ठोक्यावर एक दृश्य तुटून दुसरं येत होतं. ठोके एकसारखे, दृश्यं एकाच लांबीची. शेवटी पुन्हा तेच नाव.

"आवाज बंद करून लाव," ती मेहुलला म्हणाली. बरेच लोक फोनवर ट्रेलर मुकाच बघतात.

आवाज गेला आणि उरला तो नुसता चित्रांचा ढीग. सगळी धावपळ ढोल करत होता. बोट कुठेच पोचत नव्हती, कारण ती कोणाची, कुठली, हे पहिल्याच क्षणी सांगून झालं होतं.

तिला गावच्या बंदरातला बोटी लागायचा धक्का आठवला. ती लहान असताना वारं फिरलं होतं आणि वडिलांची बोट आली नव्हती. आई, साखरबाई, रिकामी पाटी कमरेला लावून उभी होती.

"आय, ती बग, आपली बोट!"

"ठिपका हाय तो गो. बोट नाय अजून. गप उभी रा."

मग ठिपक्याला डोलकाठी फुटली. मग बावट्याचा रंग; त्यांच्या बोटीचा लाल होता, पण हा लाल की भगवा हे कळेना. बायका बोलायच्या थांबल्या. मध्येच एक मोठी लाट आली आणि बोट तिच्याआड गेली. ती वर येईपर्यंत सगळ्या टाचा उंचावून बघत राहिल्या. नाळेवरची अक्षरं अगदी शेवटी दिसली. तोवर आई पाण्यात उतरली होती.

वर्षाराणीने पहिली ओळ खोडली.

आता सुरुवातीला काळ्या समुद्रावर एक ठिपका, आणि खेळणाऱ्याचा अंगठा त्याला वळवू पाहतोय. पहिली दृश्यं लांब, ढोल दूरचा. मग खडक, वीज, फाटका बावटा; दृश्यं आखूड होत जातात, ठोके जवळ येतात, शेवटी डोळा मिटायलाही सवड नाही. मग लाट. बोट आड. ढोल बंद.

"बंद म्हणजे?" मागे उभे राहून स्क्रिप्ट वाचणारे नीलेश सर म्हणाले. ते कंपनीचे मालक, जवळच्या अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीत वाढलेले; बोटीची वाट त्यांनी कधी बघितली नव्हती. "वर्षा, लोकांना वाटेल फोन अडकला. अंगठा सरकला की गेलं गिऱ्हाईक."

"चित्र थांबवायचं नाही, सर. लाटेचे तुषार पडत राहतील. फक्त बोट नाही."

"आणि नाव?"

"बोट वर आली की. एकच मोठा ठोका, आणि नाव."

"सुरुवातीला नावच नाही?"

"ती आपली बोट आहे की नाही, हेच बघायला माणूस थांबतो, सर."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. "लावून बघू," एवढंच म्हणाले.

मेहुलने दुपारभर दृश्यं ठोक्यांवर बसवली. मग आवाज बंद करून फोन सरांच्या हातात दिला. सर चहा पीत बघत होते. लाट आली, बोट आड गेली, आणि कप ओठांपाशी तसाच राहिला. वर्षाराणी फोनकडे नाही, कपाकडे बघत होती. नाव आल्यावरच तो खाली आला.

"पाठव," सर म्हणाले.

दोन दिवसांनी बंगळुरूचं उत्तर आलं. ट्रेलर घेतला होता. एकच बदल सुचवला होता: शेवटचं नाव थोडं जास्त वेळ ठेवा, वाचून होत नाही.

"नेहमीची तू असतीस तर वाद घातला असतास," मेहुल म्हणाला.

तिने घातला नाही. एवढा वेळ वाट बघितल्यावर नाव डोळाभर बघू द्यायला हवं, हे तिला ठाऊक होतं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत तिने दुरुस्ती केली आणि पुढच्या गेमसाठी तीन रकाने आखायला घेतले.