माझ्या स्कूटरवरचा वार्षिक खटला

इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये वर्षातून एकदा माझ्या स्कूटरवर खटला भरतो. तिचा इन्शुरन्स संपत आला की नवरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतो आणि गंभीर आवाजात विचारतो, "ठेवायची की विकायची?" फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच. आरोपी बिचारी खाली कारपार्कमध्ये उभी असते.

मी पुण्याची. कॉलेजपासून तोंडाला ओढणी गुंडाळून गाडी हाकलेली. तो मुंबईचा, त्याचा विश्वास फक्त रुळांवर. इथलं लायसन्स काढताना मी पुन्हा शिकाऊ झाले, अरुंद फळीवरून गाडी नेण्याची परीक्षा दिली आणि मिरवत घरी आले. तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "वर्षाला किती लागतील?" मी अस्सल पुणेरी उत्तर दिलं, "अ‍ॅव्हरेज झकास देते." आमच्याकडे गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल. पार्किंगचा खर्च? ती जिन्याखाली लावायची, आणखी काय!

इथे घराखालचं पार्किंग महिन्याचं, वन-नॉर्थमधल्या माझ्या ऑफिसखालचं वेगळं. इन्शुरन्स असल्याशिवाय रोड टॅक्स भरता येत नाही, आणि गाडी जुनी झाली की दरवर्षी तपासणी. तरीही मी प्रत्येक खटला जिंकत आले. सर्व्हिसिंग मी चुकवत नाही, क्लेम केलेला नाही म्हणून हप्त्यात सूट मिळते, आणि ट्रेन बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. मी वकिलासारखी भांडायचे.

या वर्षी मात्र सगळंच एकदम आलं. हप्ता वाढला, आतला बेल्ट बदलायला झाला आणि दोन्ही टायर गुळगुळीत झाले. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आणि बस केव्हाच स्वस्त पडत होती. "या वेळी हरलीस," तो म्हणाला. मी तणतणत भांडी घासली आणि नंतर बाल्कनीत जाऊन चक्क रडले.

माझ्याहून जास्त संतापली आमची मुलगी. इथे दहा वर्षांखालच्या मुलांना मागे बसवता येत नाही, आणि तिला नुकतंच दहावं वर्ष पूर्ण झालं होतं. तिचं लाल हेल्मेट आधीपासून कपाटात तयार. "नॉट फेअर लाह, बाबा! आय वेटेड सो लाँग!" ती इथल्या बोलीत ओरडली.

शेवटी ठरलं, विकण्याआधी तिला एक फेरी मिळेल.

"पण या टायरवर नाही," नवरा म्हणाला. "आधी नवीन घाल."

"अरे, विकायचीय ना?"

"तरी."

शनिवारी आम्ही दोघे जवळच्या गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने दोन जोड्या दाखवल्या. मी स्वस्त जोडीकडे बोट दाखवलं. मागून नवऱ्याचा आवाज आला, "ओल्या रस्त्यावर कुठला चांगला धरतो?" आणि त्याने महागडी जोडी घ्यायला लावली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पार्किंग, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग या सगळ्यांवर हा माणूस दरवर्षी कुरकुरला होता. टायरवर एकदाही नाही.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मी सरळ विचारलं, "तुला भीती वाटते का रे?"

"रोज," तो म्हणाला. "पाऊस आला की तुझ्या मेसेजची वाट बघत बसतो."

"मग हे पैशांचं नाटक कशाला?"

"भीती वाटते म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी गाडी विकली असतीस. घरी येतेस तेव्हा हेल्मेट काढताना तू गुणगुणत असतेस. ते माझ्यामुळे बंद व्हायला नको होतं. खर्चावरून तू भांडतेस आणि जिंकतेस. बरं वाटतं मला हरल्यावर."

मला त्याचा इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं, की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मेकॅनिक हसून परत चाकाकडे वळला.

संध्याकाळी मुलगी मागे बसली. तिने माझ्या पोटाला घट्ट मिठी मारली आणि पहिल्या वळणावर अशी किंकाळी फोडली, की बसस्टॉपवरच्या आज्यांनी वळून पाहिलं. नवीन टायर म्हणून मी सावकाश चालवत होते, तरी ती "फास्टर!" म्हणत होती. इमारतीभोवती दोन चकरा मारून आलो तेव्हा नवरा खाली, आम्ही निघालो तेव्हाच्याच जागी उभा होता, दोन्ही हात खिशात. मुलीने हेल्मेट काढलं. तिचे केस विस्कटले होते आणि ती माझंच गाणं गुणगुणत होती.

मग त्याने तिथेच फोन काढून इन्शुरन्सचं नूतनीकरण केलं, तेही साधं नाही, सर्वांत महागडं.

"अरे, हिशेबात बसत नाही!" मी ओरडले.

"माहितीये," तो म्हणाला. 

आता पाऊस आला की मी थांबते आणि निघताना मेसेज करते. यंदाच्या खर्चात अजून एक गोष्ट वाढली आहे, लाल हेल्मेटशेजारी ठेवलेलं काळं हेल्मेट. ते त्याच्या मापाचं आहे.