जाहिरातीतलं आणि माझं

डोंबिवलीच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना वापीजवळ हलणार हे नक्की झालं. मालकांनी सगळ्यांना चहा पाजून सांगितलं की ज्यांना यायचंय त्यांनी यावं. मी डिस्पॅचला होते. चलनं काढायची, मालाच्या गाडीसोबत लागणारं ई-वे बिल बनवायचं, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मागे लागायचं. टिटवाळ्याहून वापीला जाणं शक्य नव्हतं, म्हणजे कारखाना हलायच्या आत मला दुसरी नोकरी मिळायला हवी होती. घरात त्यावर चर्चा झाली नाही. आई फक्त रोज विचारायची, "काही आलं का गं?"

मामाने त्याच्या ओळखीच्या प्लेसमेंटवाल्या मॅडमकडे नेलं. कल्याण पश्चिमेला, एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. मॅडम पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, सगळ्यांना 'बाळा' म्हणणाऱ्या. माझा रेझ्युमे त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचला आणि मामाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

"हा रेझ्युमे आहे की रेशन कार्ड? एवढंच?"

"ती बोलत नाही हो फार," मामा म्हणाला. "इंग्लिश मीडियमची आहे, पण गप्प."

मी ते ऐकत बसले. माझ्याबद्दल माझ्यासमोर बोललं जाण्याची मला सवय आहे.

मॅडमनी ठाण्यातल्या एका कंपनीची जाहिरात फोनवर दाखवली. डिस्पॅच को-ऑर्डिनेटर हवा होता. ई-वे बिल, एक्सेल, ट्रान्सपोर्टर्सशी समन्वय, ग्राहकांना लेखी कळवणं, सॅप नावाचं सॉफ्टवेअर, टीम सांभाळणं, उत्तम संवादकौशल्य. मला आतून वाटलं, हे तर मी रोज करते. आणि लगेच वाटलं, नाही, सगळं नाही.

"उद्या येऊन घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "बनवून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मामाबरोबर गेले तेव्हा त्यांनी जो कागद हातात ठेवला, त्यावर फक्त नाव माझं होतं. मी आठ माणसांची टीम सांभाळत होते. मला सॅप येत होतं. मी वर्षानुवर्षं सॅपवर काम केलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती, जाहिरातीतून उचललेली, तशीच्या तशी: उमेदवार शिफ्टमध्ये काम करण्यास तयार असावा.

"मॅडम, ही ओळ जाहिरातीतली आहे."

"मग? त्यांना जे हवंय तेच लिहायचं. कॉम्प्युटर शब्द शोधतो, बाळा. शब्द सापडले की पुढे."

"पण मला सॅप येत नाही."

"कोणाला येतं? जॉइन झाली की शिकायचं." त्या हसल्या. "अगं, रेझ्युमे म्हणजे कांदेपोह्यांचा फोटो. पार्लरमध्ये न जाता काढतं का कोणी?"

"पार्लरमध्ये नाक बदलत नाहीत," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक होता की मामाने "काय?" म्हणून विचारलं. मॅडमनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी चष्मा खाली आणला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

जिना उतरताना मामा म्हणाला, "सगळेच टाकतात गं. भाजीत मीठ थोडं जास्त पडलं तर काय होतं?"

"हे मीठ नाहीये मामा. ही दुसऱ्याचीच भाजी आहे."

घरी येऊन मी माझा जुना रेझ्युमे उघडला. फोन नंबर आणि पत्ता काढून टाकला, मग तो एआय चॅटमध्ये टाकला आणि खाली जाहिरातीचा मजकूर पेस्ट केला. मी स्पष्ट लिहिलं: दोन्ही समोरासमोर ठेव. जाहिरातीतल्या प्रत्येक मागणीसाठी माझ्या रेझ्युमेत नेमकी कुठली ओळ आहे ते दाखव. ओळ नसेल तर 'दिसत नाही' म्हण. मी न लिहिलेलं एकही कौशल्य स्वतःहून धरू नकोस.

उत्तर वाचताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. स्वतःच्या त्या पानभर रेझ्युमेचाच. ई-वे बिल: आहे, अमुक ओळ. ट्रान्सपोर्टर्सशी समन्वय: दिसत नाही. रोज ज्या माणसांशी मी दहा-दहा वेळा बोलते त्यांचा माझ्या रेझ्युमेत उल्लेखच नव्हता. मी लिहिलं होतं 'ऑफिसची सर्व कामे'. ग्राहकांना लेखी कळवणं: दिसत नाही. टीम: दिसत नाही. सॅप: दिसत नाही, टॅली आहे, पण टॅलीचा अनुभव म्हणजे सॅपचा अनुभव नव्हे. त्याखाली लिहिलं होतं की 'दिसत नाही' म्हणजे तुम्हाला येत नाही असं नाही, फक्त कागदावर नाही. आणि मग प्रश्न होते: गाडी उशिरा निघाली तर ग्राहकाला कोण कळवतं? कसं कळवतं?

मीच कळवते. बोलणं टाळायला मी मेल लिहिते, आणि ते मेल चांगले असतात. मालक इतर डिपार्टमेंटचे मेलसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायचे. ते मी कधी कौशल्य म्हणून मोजलंच नव्हतं. न बोलण्याची पळवाट म्हणून मोजलं होतं.

एका ठिकाणी मीच एआयला थांबवलं. 'अॅडव्हान्स्ड एक्सेल'समोर त्याने 'भक्कम' लिहिलं होतं, पुरावा म्हणून माझी 'एमएस ऑफिस' ही ओळ. मी लिहिलं, एवढ्यावरून भक्कम कसं? मला व्हीलुकअप येतं, पिव्होट टेबल येतं, मॅक्रो येत नाहीत. त्याने 'बरोबर आहे' असं म्हणून तो भाग 'अंशतः' मध्ये हलवला. मला ते आवडलं. माझ्या बाजूने झुकलेली चूकसुद्धा मला नको होती.

आणखी एक गोष्ट मॅडमच्या घाईत माझ्या नजरेतून सुटली होती. जाहिरातीत सॅपसमोर 'असल्यास प्राधान्य' असं होतं. आवश्यक म्हणून वेगळ्या ओळी होत्या: डिस्पॅचचा अनुभव, ई-वे बिल, एक्सेल, लेखी संवाद. मॅडमनी सगळं एकाच पातेल्यात घातलं होतं.

मी रेझ्युमे नव्याने लिहिला. ट्रान्सपोर्टर्स आले, मेल आले, एक्सेलमध्ये काय येतं ते नेमकं आलं. 'टीम'च्या जागी लिहिलं की गोदामातल्या लोडिंगच्या माणसांना रोजचा क्रम मी लावून देते. ते माझ्या हाताखाली नाहीत हेही लिहिलं. सॅपचा शब्द नाही. काय कमी आहे ते मी माझ्यापुरतं वेगळं लिहून ठेवलं, कारण विचारलं तर अडखळायचं नव्हतं. तो रेझ्युमे मॅडमना मेल केला आणि खाली लिहिलं, कृपया हाच पाठवा.

"ओके बाळा," असं उत्तर आलं. सोबत गुलाबाचं फूल.

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली कंपनी, थंडगार खोली, टेबलापलीकडे लॉजिस्टिक्सचे साहेब आणि एचआरची माझ्याहून थोडी मोठी मुलगी. साहेबांनी विचारलं, "गाडी वाटेत बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत भरला. काय कराल?"

"ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये नवा गाडी नंबर टाकायचा. मुदत संपत आली असेल तर तीही वाढवून घ्यायची. मग ग्राहकाला मेल."

"ठीक. आणि सॅपमध्ये डिलिव्हरी कशी काढता?"

मी त्यांच्या पुढ्यात पाहिलं. टेबलावरचा कागद उलटा दिसत होता, तरी ओळखला. शेवटची ओळ: उमेदवार शिफ्टमध्ये काम करण्यास तयार असावा.

"मी सॅप वापरलेलं नाही."

"इथं लिहिलंय."

"तो माझा रेझ्युमे नाही. माझ्या नावाचा आहे."

एचआरच्या मुलीने मान वर केली. मी पिशवीतून माझी प्रिंट काढून टेबलावर ठेवली. "हा माझा. ई-वे बिल, टॅली, पिव्होट, ट्रान्सपोर्टर, मेल, हे येतं. सॅप, मॅक्रो नाही येत. टीम सांभाळलेली नाही. जाहिरातीत सॅप असल्यास प्राधान्य लिहिलं होतं, म्हणून मी आले. नसतं लिहिलं तर आले नसते."

सलग एवढं मी त्या आठवड्यात कुणाशीच बोलले नव्हते.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग मुलीला म्हणाले, "सकाळपासून या प्लेसमेंटवाल्या बाईंकडून आलेले सगळेच आठ माणसांची टीम सांभाळतात. कल्याणात एवढी माणसं उरली कुठे?"

ती हसली. मी हसले नाही. त्यांनी एक्सेलची फाईल देऊन पिव्होट करायला लावलं, एक मेल लिहायला लावला, आणि "कळवतो" म्हणाले.

खाली उतरेपर्यंत मॅडमचा फोन.

"काय गं, कंपनीतून फोन आला मला, माझा कागद खोटा म्हणालीस तिथं?"

"खोटाच आहे."

"माझं नाव खराब केलंस. आता तुला कुठे पाठवणार मी?"

"नका पाठवू. मी माझा पाठवा म्हटलं होतं, तुम्ही ओके म्हणालात आणि तुमचा पाठवलात. त्यावर नाव माझं होतं, मॅडम. तुमचं नव्हतं."

फोन ठेवल्यावर मी कडेला उभी राहून पाणी प्यायले. मामाने संध्याकाळी येऊन, बूट न काढताच दारातून सांगितलं, "गेली नोकरी. शहाणपणा." आई मधे पडली नाही, पण त्याला चहाही विचारला नाही. आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

बऱ्याच दिवसांनी एचआरच्या त्या मुलीचा फोन आला. निवड झाली होती. ती माहिती वाचून दाखवू लागली, मी हो हो म्हणत होते. "पद, सीनियर को-ऑर्डिनेटर. टीमचा अनुभव असल्यामुळे."

"टीमचा अनुभव नाही," मी म्हणाले. "तुम्ही प्लेसमेंटवाल्या मॅडमचा कागद बघताय."

"अगं, सिस्टिममध्ये तसंच भरलं गेलंय. राहू दे ना. काढलं तर सीनियर जाईल."

आई समोर कोथिंबीर निवडत होती. तिने हात थांबवला. घरात पगार यायला हवा होता आणि ती मला खुणेने म्हणत होती, हो म्हण.

"मग सीनियर काढा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. आणि सॅप लिहिलं असेल तर तेही काढा. ते मला शिकवा."

कीबोर्डचे आवाज येत राहिले. "काढलं," ती म्हणाली. "सोमवारी ये."