वगळलेली श्रद्धांजली

केजला घरी बसून मी एका पंप कंपनीसाठी सोशल मीडियावरच्या तक्रारी शोधायचो. तिचं नाव लोक ज्या ज्या प्रकारे चुकीचं लिहितात, ते सगळं OR, म्हणजे 'किंवा', लावून सर्चमध्ये घातलं होतं. पण पंप विकणारे दुकानदार दुखवट्याच्या पोस्टवरसुद्धा कंपनीचं नाव छापायचे. नुसती कटकट! म्हणून 'श्रद्धांजली', 'श्रध्दांजली', 'shradhanjali' यातला एकही शब्द असलेली पोस्ट NOT लावून मी वगळून टाकली.

मग नांदूरघाटचा माझा मावसभाऊ त्याच कंपनीच्या पंपाचा शॉक लागून गेला. दहाव्याला त्याच्या थोरल्या भावानं मोबाइल पुढं केला. "त्याच दिवशी कंपनीचं नाव घेऊन लिवलं. तू तर समदं वाचतूस ना? आमचं कावून दिसलं न्हाई?"

पोस्टच्या शेवटी त्यानं भावाला श्रद्धांजली वाहिली होती.

त्या आठवड्याचा अहवाल मीच पाठवला होता. गंभीर तक्रार एकही नाही.