फोटोमागची दीड ओळ

रविवार, १२ ऑक्टोबर. दिवाळीच्या साफसफाईत हॉलमधल्या तसबिरी खाली घ्यायच्या होत्या. एका तसबिरीची काच कोपऱ्यातून तडकली होती. काच बदलायचीच आहे तर मागचा पुठ्ठाही काढू, म्हणून मी त्याचे गंजलेले खिळे पकडीने उपसले. पुठ्ठा निघाला आणि फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी दिसलं.

हा फोटो आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. बाकावर पणजी बसलेली, शेजारी एक तरुण बाई, तिच्या मांडीवर तान्हं मूल. मागे आजोबा आणि परकरातली एक मुलगी, म्हणजे त्यांची बहीण. मांडीवरचं मूल म्हणजे माझे वडील आणि ती बाई म्हणजे आजी, असं आम्हाला सांगितलेलं होतं. आजीनेच सांगितलं होतं.

नावं मी इथे लिहीत नाही. त्यांच्यावाचून अडतही नाही.

माझ्याकडे चार वर्षांपासून माझी आत्या राहते. ती माझ्या वडिलांची सावत्र बहीण. तिची आई ती दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं ते माझ्या आजीशी. त्या वेळच्या रीतीप्रमाणे लग्नात नवरीचं नाव बदललं, पण नवीन नाव शोधण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. पहिलीचंच नाव दुसरीला ठेवलं. पहिलीची आठवण म्हणून चांदीचा एक टाक करून तो हिच्या गळ्यात बांधला. आजी तो मरेपर्यंत घालायची. आत्याने आपल्या आईचं रूप पाहिलं ते एवढंच, नखाएवढं, चांदीत ठोकलेलं. फोटो एकही नाही, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं.

मी आत्याला हाक मारली. ती भिंतीला धरत आली. "काय लिहिलंय?" म्हणाली.

"वाचायला वेळ लागेल."

"मग वाच. मला कुठे जायचंय."

मी नोकरीत वीस वर्षं जमिनीचे जुने उतारे वाचण्यात घालवली आहेत. पेन्सिल पुसट झाली तरी कागदावर टोक दाबल्याची खूण राहते, हे मला ठाऊक आहे. पाणी लावायचं नाही, बोटाने चोळायचं नाही, वरून पेनने गिरवायचं तर मुळीच नाही. खिडक्या लावल्या, मोबाईलची बॅटरी कागदाच्या कडेला आडवी धरली. खाचा सावलीसारख्या उठल्या. जे दिसलं ते चौकटीच्या वहीत उतरवलं, एका चौकटीत एक अक्षर, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब. चार दिशांनी बॅटरी धरून फोटो चार वेळा पाहिला, आणि दोनदा दिसलं तेच अक्षर कायम केलं.

एकूण दीड ओळ होती, आजोबांच्या अक्षरात. पहिल्या ओळीत सगळे शब्द एकापुढे एक, मध्ये स्वल्पविराम नाही की रेघ नाही. मातोश्री, मग एक नाव, मग सौ., मग एक नाव, मग भगिनी, मग एक नाव, मग चि., आणि पुढे काही नाही. खालच्या अर्ध्या ओळीत: दसरा शनि. शके १८७. सातानंतर एका आकड्याची खाली उतरणारी शेपटी, वरचा भाग गायब. फ्रेमवाल्याने कडेला डिंकाने चिकटवलेली कागदी पट्टी कधीतरी कुणी ओढून काढली होती. तिच्याबरोबर फोटोच्या पाठीचा पापुद्रा निघाला होता. बाळाचं नाव आणि वर्षाचा शेवटचा आकडा त्या पापुद्र्यावर गेले.

आत्या माझ्या शेजारी बसून वहीकडे बघत होती. "सौ. पुढे काय आहे?"

मी नाव सांगितलं.

"दोघींचंही तेच," ती म्हणाली. "काय उपयोग."

मी तीन रकाने पाडले. नाव, नातं, तारीख. शेपटी एकाची असू शकत होती किंवा नवाची. दोनाची नव्हे, तिनाची नव्हे. मी वहीत दहाही आकडे लिहून ताडून पाहिले. शक्यता दोनच उरल्या, १८७१ आणि १८७९. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इंग्रजी साल येतं: एकोणपन्नास किंवा सत्तावन्न. एकोणपन्नास असेल तर बाळ आत्या, आणि ती बाई तिची आई. सत्तावन्न असेल तर बाळ माझे वडील, आणि ती बाई माझी आजी.

"सत्तावन्नला मी आठ वर्षांची," आत्या म्हणाली. "मग मी कुठे आहे फोटोत?"

हा प्रश्न तिने लहानपणीही विचारला होता. आजीचं उत्तर तिला तोंडपाठ होतं: तू तेव्हा मामाकडे होतीस.

संध्याकाळी काका आले. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आजीचे सख्खे. आजी गेल्यावर त्यांनी याच फोटोतला त्या बाईचा चेहरा मोठा करून घेतला होता. तो त्यांच्या हॉलमध्ये चंदनाच्या हारासकट लावलेला आहे.

"दिवाळी तोंडावर आलीये आणि तू हे काय काढून बसलीस?" ते म्हणाले.

"पुठ्ठा निघाला, काका. मी मुद्दाम नाही काढलं."

"आई कशाला खोटं बोलेल?"

"मी कुठे म्हटलं? आकडा तुटलाय एवढंच म्हणते."

"आणि सौ. त्या नावाचीच कशावरून? भगिनी त्या नावाला लागत असेल. नाव आधी आणि नातं नंतर लिहिलं असेल."

हे मात्र खरं होतं. नातं आधी आणि नाव नंतर, की उलटं, हे ठरल्याशिवाय ओळ तुटत नव्हती. आत्या कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली होती. वर न बघता म्हणाली, "अरे, तुझ्या हॉलमधल्या आईला विचारून ये ना."

काका चहा अर्धा ठेवून गेले.

आमचं मूळ गाव घोटीकडचं. आजोबा भाताच्या गिरणीत कारकून होते. त्या बाजूच्या आमच्या घराण्याचे पिढीजात उपाध्ये गोदावरीच्या घाटाजवळ राहतात. घरचं कुणी अस्थी घेऊन आलं किंवा श्राद्धाला आलं की ते वहीत नोंद करतात. कोण आलं, कशासाठी, बरोबर कोण, घरात कोण कोण, आणि शेवटी आलेल्याची सही. पुष्कळदा नोंद यजमान स्वतःच लिहितो. शुक्रवारी मी रजा टाकली, आत्याला रिक्षात बसवलं.

उपाध्ये माझ्याच वयाचे निघाले. गाव आणि आडनाव विचारून आतून कापडात बांधलेली लांबट वही घेऊन आले.

"कोणाची नोंद हवी, ताई?"

"आजोबांची. पहिली बायको गेली तेव्हाची."

त्यांनी पानं उलटली. नोंद सापडली. शके १८७२, मार्गशीर्ष. आजोबांचं अक्षर मी लगेच ओळखलं, त्यांचा 'श' पोटातून मोडलेला असायचा. पत्नी, मग तिचं नाव, अस्थी. खाली घरातली माणसं: मातोश्री, नाव; भगिनी, नाव; कन्या, नाव. स्वल्पविराम कुठेही नाही. नातं प्रत्येक ठिकाणी आधी. पुढच्या पानावर त्यांनीच स्वतःच्या वडिलांच्या श्राद्धाला केलेली दुसरी नोंद होती, तीही तशीच. ओळ तोडायची कशी ते कळलं. सौ. हे नावाच्या आधीच लागायचं आणि भगिनी ही परकरातली मुलगी होती.

मी मोबाईलवर फोटो काढू का विचारलं. "काढा, पण फक्त तुमच्या घराण्याची नोंद," उपाध्ये म्हणाले.

आत्याने पानावर बोट ठेवलं. "यात माझं नाव आहे?"

"कन्या, बघा, हे," ते म्हणाले.

उरला वार. मी त्यांना दोन्ही सालं सांगितली. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची पंचांगं वर्षवार बांधून ठेवलेली होती. त्यांनी दोन काढली, आधी एकोणऐंशीचं. आश्विनाचं पान काढून बोट वरून खाली नेलं.

"दसरा गुरुवारी."

मग एकाहत्तरचं. त्याची पानं एकमेकांना चिकटली होती, ती त्यांनी सावकाश सुटी केली.

"शनिवार."

मी विचारलं, "नक्की?"

"तुम्हीच बघा."

मी बघितलं. शनिवारच होता.

घरी येऊन आत्याने पाय धुतले, खुर्चीत बसली. काच नसलेला फोटो टेबलावर होता. तिने तो हातात घेतला नाही.

"मी रोज त्याच्याखाली पाटी घेऊन बसायचे," ती म्हणाली. "शुभंकरोति म्हणायचे. तिला ठाऊक होतं?"

तिला म्हणजे माझ्या आजीला. ती आजी मला फार आवडायची. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझ्या परीक्षांना ती साबुदाण्याचे लाडू बांधून द्यायची. पण स्वतःचा चेहरा कुणालाही ओळखता येतो. तो फोटो काढला तेव्हा ती या घरात आलेली नव्हती, हे तिच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

"हो," मी म्हटलं. "ठाऊक होतं."

"आणि माझ्या बापाला?"

"त्यांनीच लिहिलंय मागे."

"लिहिलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं." ती म्हणाली. "दर वर्षी अविधवा नवमीला घरात सवाष्ण जेवायची. मी वाढायला असायचे. कोणासाठी विचारलं की म्हणायचे, घराण्यातली एक."

मी काकांना फोन लावला. साल, वार, वहीतली नोंद, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग आता माझ्या भिंतीवर कोण आहे?"

"आत्याची आई."

"हार मी बावीस वर्षं घालतोय."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, काका."

"तू तरी कशाला सांगितलंस," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या त्या म्हणण्यालाही काही अर्थ होता. त्यांच्याकडे आता आईचा तरुणपणीचा एकही फोटो उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका वेगळ्या कागदावर शिसपेन्सिलीने ओळ लिहिली, या वेळी स्वल्पविराम देऊन. नाती, नावं, दसरा, शनिवार, शके १८७१. शेवटचा एक कंसात घातला, कारण तो मी वाचलेला नाही, काढलेला आहे. बाळाचं नावही कंसात. फोटोच्या पाठीला हात लावला नाही. दुकान उघडताच फ्रेमवाल्याकडे गेले, मागे डिंक लावायचा नाही, पट्टी नाही, नुसते खिळे, असं बजावलं आणि होईपर्यंत तिथेच उभी राहिले. कागद पुठ्ठ्याच्या आत ठेवून घेतला.

घरी आल्यावर आत्याला विचारलं, "तुझ्या पलंगासमोर लावू?"

"समोर नको," ती म्हणाली. "समोर होतीच की."

मी स्वयंपाकघराच्या दारावर खिळा ठोकला. तिथे बघायचं तर तिला उठून यावं लागतं.