पेंटरांची सुटी अक्षरं

दवाखान्यातल्या अरबी रुग्णांसाठीच्या फलकाकरता दुभाषी सुनेने ‘स्वागत’, ‘सुप्रभात’ यांचं अरबी करून दिलं. “काय हे गिचमीड!” म्हणत पेंटर सासऱ्यांनी अरबी मुळाक्षरांचा तक्ता पाहिला आणि ‘मरहबा’ची, म्हणजे ‘स्वागत’ची, पाचही अक्षरं सुटीसुटी, टपोरी रंगवली.

फलकापाशी एक म्हातारी रुग्ण थांबली. एकेक अक्षर जुळवत ओठ हलवू लागली. तिला शब्द काही लागेना.

“चूक माझी,” सून स्वतःकडे बोट दाखवत घाईने तिला म्हणाली.

पेंटरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सूनबाई, शिकव.”

“मामंजी, अरबीत अक्षरं जोडून लिहितात. उजवीकडून ‘मीम’ला ‘रा’ जोडा. ‘रा’ पुढच्याला धरत नाही, तिथे तुटू द्या. मग ‘हा’, ‘बा’, ‘अलिफ’ सलग.”

त्यांनी तसं रंगवलं. म्हातारी हसून “मरहबा” म्हणाली, पण पेंटरांना सुनेकडे मान वर करून बघवेना.